बायबल अनुवादांतील वगळलेली वचने

बायबलच्या नव्या करारातील काही वचने अनेक आधुनिक अनुवादांच्या मुख्य मजकुरात आढळत नाहीत. त्यांना वगळलेली वचने असे म्हटले जाते. अशा ठिकाणी वचनक्रमांकांत खंड पडतो; उदाहरणार्थ, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात ३६ नंतर थेट ३८ हा क्रमांक येतो. अनुवादकाने मजकूर गाळल्यामुळे नव्हे, तर अनुवादासाठी आधारभूत धरलेली ग्रीक संहिता वेगळी असल्यामुळे हा फरक पडतो.

## क्रमांकांत खंड पडण्याचे कारण

इरॅस्मस याने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. त्याच्या हाती असलेली हस्तलिखिते मोजकी आणि बहुतांशी उत्तर मध्ययुगातील होती. या परंपरेतील पाठास पुढे 'स्वीकृत पाठ' हे नाव मिळाले. पॅरिसचा मुद्रक रोबेर एस्तियेन याने १५५१ च्या आवृत्तीत नव्या कराराला वचनक्रमांक दिले, ते याच परंपरेच्या मजकुराला. आजचे क्रमांक मूलतः तेच आहेत.

चौथ्या शतकातील सिनाय व व्हॅटिकन ही हस्तलिखिते एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांना नीट उपलब्ध झाली. स्वीकृत पाठातील काही वचने त्यांत नव्हती. १८८१ मध्ये वेस्टकॉट आणि हॉर्ट यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रीक संहितेत जुन्या हस्तलिखितांना प्राधान्य मिळाले. त्यानंतरच्या अनेक अनुवादांनी अशी वचने तळटिपेत नेली अथवा कंसात ठेवली. पुढील वचनांना मात्र नवे क्रमांक दिले नाहीत, कारण तसे केल्यास शब्दसूची, भाष्ये आणि जुने संदर्भ निरुपयोगी ठरले असते.

## उदाहरण : प्रेषितांची कृत्ये ८:३७

या प्रसंगात कूशी अधिकारी फिलिप्पाला विचारतो, की आपला बाप्तिस्मा होण्यास काय हरकत आहे. ३८व्या वचनात दोघे पाण्यात उतरतात. मध्ये उत्तर नाही. ३७व्या वचनात ते मिळते : मनापासून विश्वास असल्यास हरकत नाही, असे फिलिप्प सांगतो आणि अधिकारी आपला विश्वास प्रकट करतो.

सिनाय, व्हॅटिकन व अलेक्झांड्रिया या तिन्ही हस्तलिखितांत हे वचन नाही. इरॅस्मसला ते एका ग्रीक हस्तलिखिताच्या समासात आढळले; लेखनिकाच्या नजरचुकीने ते सुटले असावे, असे मानून त्याने ते मजकुरात घेतले. आज बहुसंख्य अभ्यासक उलट अनुमान करतात. विश्वासाची कबुली असलेला असा मजकूर मुद्दाम गाळण्याचे कारण दिसत नाही. अनुत्तरित प्रश्नाला उत्तर जोडण्याचे कारण मात्र स्पष्ट आहे. तथापि हे वचन उत्तरकालीन कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. दुसऱ्या शतकातील इरेनियस याला अधिकाऱ्याची ही कबुली परिचित होती. म्हणजे ही भर, असल्यास, फार प्राचीन आहे.

## इतर प्रकार

सर्वच वचनांचे कारण एक नाही. मार्क ९:४४ आणि ९:४६ ही वचने ९:४८ ची पुनरावृत्ती आहेत. ती वगळली तरी ते विधान अध्यायात राहतेच. मत्तय १७:२१ हे मार्क ९:२९ शी जुळते. समांतर वृत्तांतातील वाक्य लेखनिकाने येथे आणले असावे, असे मानले जाते.

क्रमांकांतील प्रत्येक वेगळेपणा मात्र वगळणूक नसतो. सुलभ भाषेतील अनुवादांत दोन वचनांची वाक्यरचना एकत्र करून '५-६' असा जोडक्रमांक देतात. तेथे मजकूर गाळलेला नसतो. तळटीप पाहिल्यास दोहोंतील भेद कळतो.

## मराठी अनुवाद

विल्यम केरी यांच्या श्रीरामपूर येथील छापखान्यातून मराठी नवा करार १८११ मध्ये बाहेर पडला. तेव्हा सिनाय हस्तलिखित अभ्यासकांना ज्ञात नव्हते. पंडिता रमाबाई यांनी दौंड तालुक्यातील केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेला अनुवाद १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला; तोवर वेस्टकॉट-हॉर्ट संहितेला चार दशके उलटली होती. मराठी अनुवाद असे भिन्न काळांतील असल्याने संदर्भात केवळ 'मराठी बायबल' असे लिहिणे पुरेसे नाही.

## संदर्भ देण्याची पद्धत

* वचनाचा रूढ क्रमांक कायम ठेवावा. ८:३७ नाही म्हणून ८:३८ ला ३७ म्हणू नये.
* अनुवादाचे नाव व आवृत्तीचे वर्ष द्यावे.
* वचन तळटिपेतून घेतले असल्यास तसे नोंदवावे : 'प्रे. कृ. ८:३७ (तळटीप)'. कंसातील वचन उद्धृत करताना कंस काढू नयेत.
* सलग उताऱ्यात खंड असल्यास तो दाखवावा : 'प्रे. कृ. ८:३६, ३८'. '८:३६-३८' असे लिहिल्यास ३७वे वचनही उद्धृत केल्याचा समज होतो.
* एका अनुवादातील उताऱ्यात दुसऱ्या अनुवादातील वचन घातल्यास दोन्हींची नावे स्वतंत्रपणे द्यावीत.