शतायुषी प्रदेश

शतायुषी प्रदेश : शंभरी ओलांडणाऱ्या माणसांचे प्रमाण आजूबाजूच्या मुलखापेक्षा बरेच जास्त आढळते असा भूभाग. ‘ब्ल्यू झोन’ हे त्याचे प्रचारातले नाव. इटलीचे डॉक्टर जान्नी पेस आणि बेल्जियमचे लोकसंख्याशास्त्रज्ञ मिशेल पुलॅं यांनी सार्डिनिया बेटावरची अशी गावे नकाशावर निळ्या शाईने दाखवली, तेव्हापासून ते रूढ झाले. त्यांचा शोधनिबंध २००४ चा. पुढच्याच वर्षी डॅन ब्यूटनर यांच्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’मधील लेखाने ते जगभर पोहोचले. जपानमधील ओकिनावा, कोस्टारिकातील निकोया, ग्रीसमधील इकारिया आणि कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा ही या यादीतली इतर नावे.

पहिला प्रश्न वयाच्या खरेपणाचा असतो. इक्वेडोरमधील विल्काबांबा हे गाव १९७० च्या दशकात दीर्घायुष्यासाठी गाजले. तेथे काही वर्षांनी पुन्हा गेलेल्या अलेक्झांडर लीफ या डॉक्टरांना असे दिसले, की मधल्या काळात एका वृद्धाचे वय लोटलेल्या वर्षांपेक्षा बरेच जास्त वाढले होते. चर्चच्या नोंदी तपासल्यावर गावात एकाचीही शंभरी भरलेली नव्हती असे निष्पन्न झाले. वय वाढवून सांगण्यात तेथे मान होता. म्हणून आता नुसता जन्मदाखला पुरत नाही. आईचे बाळंतपणातले वय, भावंडांच्या जन्मतारखा, लग्नाची नोंद हे सारे जुळावे लागते. मेलेल्या मुलाचे नाव पाठच्या भावाला ठेवण्याची चाल जुन्या युरोपात सर्रास होती. अशा घरात थोरल्याचा दाखला धाकट्याच्या नावावर लागतो आणि माणूस एका कागदाने पाच-सात वर्षांनी म्हातारा होतो.

मोजण्याची रीतही फसवी ठरू शकते. तरुण मंडळी कामासाठी बाहेर पडली की गावाची लोकसंख्या घटते आणि उरलेल्यांत शतायुषींचे प्रमाण आपोआप वाढते. त्यामुळे पुलॅं आणि पेस यांनी हिशेब उलट बाजूने केला : १८८० ते १९०० या काळात तेथे जन्मलेल्यांपैकी किती जण शंभर वर्षे जगले? या कसोटीवर सार्डिनियाचा डोंगराळ भाग टिकला. तेथे शतायुषी पुरुषांची संख्या जवळजवळ स्त्रियांइतकी भरली. इतरत्र शतायुषींत स्त्रिया पुरुषांच्या अनेक पट असतात.

ओकिनावाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. १९४५ च्या लढाईत तेथील कुटुंबनोंदी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या आणि नंतर पुन्हा तयार केल्या गेल्या. त्यामुळे सखोल पडताळणी हवी असे खुद्द पुलॅं यांनीच म्हटले आहे. २०१० मध्ये जपानभरच्या कुटुंबनोंदींत ठावठिकाणा नसलेले दोन लाखांहून अधिक ‘शतायुषी’ सापडले. मात्र सरकारी गणती वेगळ्या, रहिवासी नोंदींवरून होते. या आकड्याचा वापर करून सगळे जपानी शतायुषी खोटे ठरवणे रास्त नाही.

वये खरी धरली तरी आहाराचे काय? १९४९ च्या पाहणीनुसार ओकिनावाच्या लोकांना निम्म्याहून जास्त उष्मांक रताळ्यातून मिळत. हा आहार गरिबीचा होता, कोणी आरोग्यासाठी निवडलेला नव्हता. पुढे अमेरिकी अमलात ताट बदलले. पुरुषांच्या आयुर्मानात ४७ प्रांतांमध्ये वरच्या पाचांत असलेला ओकिनावा २००० मध्ये २६ वा आणि २०२० मध्ये ४३ वा झाला. दोन पिढ्यांत आनुवंशिकता बदलत नाही, तेव्हा राहणीचा वाटा यातून नक्की दिसतो. पण रताळे, कमी उष्मांक, शेतातले कष्ट की शेजारसंबंध, यांतले कशाने किती साधले हे मात्र वेगळे काढता येत नाही. या सगळ्या गोष्टी एकाच पिढीत एकत्र नांदत होत्या. निकोयातही दीर्घायुष्याचा लाभ जुन्या पिढ्यांपुरता राहिला असून नंतर जन्मलेल्यांत तो विरत गेल्याचे आढळले आहे.

शतायुषींनाच गाठून ‘काय खाता?’ असे विचारणे ही सर्वांत कमकुवत पद्धत होय. तशीच राहणी असून सत्तरीत गेलेल्यांना कोणी विचारलेले नसते. न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात ९५ च्या पुढच्या ४७७ अश्केनाझी ज्यूंची सत्तरीतली राहणी, जुन्या राष्ट्रीय पाहणीतल्या त्यांच्याच पिढीच्या सामान्य लोकांशी ताडून पाहिली. वजन, धूम्रपान, व्यायाम, आहार यांत वृद्धांची बाजू फारशी सरस नव्हती. टोकाच्या वयाला आनुवंशिकतेचा हात लागतो असा अर्थ संशोधकांनी काढला.

लोमा लिंडाचा पुरावा निराळ्या जातीचा आहे. कॅलिफोर्नियातील अॅडव्हेंटिस्ट पंथीयांवरचा अभ्यास हजारो माणसांचा वर्षानुवर्षे माग ठेवून केलेला आहे. धूम्रपान न करणारे, बरेचसे शाकाहारी असे हे पुरुष तेथील इतर गोऱ्या पुरुषांपेक्षा सरासरी ७.३ वर्षे, तर स्त्रिया ४.४ वर्षे जास्त जगतात. हा फरक सरासरी आयुष्यातला आहे; शंभरी गाठण्याची शक्यता किती वाढते, हे त्यातून निघत नाही.