जीवा आणि कंस यांचे गुणोत्तर

न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’च्या (1687) पहिल्या खंडातील सातव्या लेमाचा आशय असा, की कंस, त्याची जीवा आणि स्पर्शिका यांचे अंतिम गुणोत्तर समानतेचे असते. कंस लहान होताना तिन्ही लांबी शून्याकडे जातात, पण एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. समद्विभुज काटकोन त्रिकोण कितीही लहान केला तरी काटकोनाच्या दोन बाजूंची बेरीज कर्णाच्या 1.414 पटच राहते. वर्तुळात मात्र आकारच बदलतो: कंस जितका लहान, तितका तो जीवेच्या तुलनेत सपाट.

कंसाच्या केंद्रीय कोनाचा निम्मा भाग θ मानू. कंसाच्या टोकांना काढलेल्या स्पर्शिका परस्परांना छेदतात आणि प्रत्येक स्पर्शिका जीवेशी θ एवढाच कोन करते. म्हणून जीवा भागिले छेदनबिंदूपर्यंतच्या दोन स्पर्शिकाखंडांची बेरीज = cos θ. कंस जीवेहून मोठा, पण या बेरजेहून लहान असतो. कारण तो बहिर्वक्र असून जीवा व स्पर्शिकाखंड यांच्या त्रिकोणातच सामावतो. (ही तुलना आर्किमिडीजने गृहीतक म्हणून मांडली होती.) त्यामुळे

cos θ < जीवा/कंस < 1

θ शून्याकडे जाताना cos θ एककडे जातो, आणि मध्ये अडकलेल्या गुणोत्तराला दुसरी वाटच उरत नाही. 60 अंशांच्या कंसासाठी ते सुमारे 0.955 आहे, 10 अंशांसाठी 0.9987.

पुष्कळदा हा निष्कर्ष sin θ च्या विकलजावरून काढला जातो. ते चक्रीय आहे. तो विकलज मिळवण्यासाठी हीच सीमा आधी लागते.