धोक्याचे काम नाकारले, तर?

कामाच्या जागेतील धोक्याची तक्रार केल्यास नोकरीवर गदा येईल, ही कामगारांची भीती जुनीच आहे. या भीतीला कायद्याचे संरक्षण कुठवर मिळते, हे अमेरिकेतील ‘व्हर्लपूल’ कंपनीच्या खटल्याने स्पष्ट झाले.

कंपनीच्या ओहायो राज्यातील मॅरियन येथील कारखान्यात छताजवळून सुटे भाग वाहून नेणारे पट्टे फिरत असत. त्यातून पडणाऱ्या वस्तू अडवण्यासाठी सुमारे २० फूट उंचीवर तारेची जाळी होती. देखभालीसाठी कामगारांना त्या जाळीवर उतरावे लागे. जुनी जाळी कमकुवत होती. २८ जून १९७४ रोजी एक कामगार तिच्यातून खाली पडून मरण पावला.

त्यानंतर दोन देखभाल कामगारांनी ७ जुलैला वरिष्ठांकडे जाळीविषयी तक्रार केली. ९ जुलैला त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्याकडून सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या स्थानिक कार्यालयाचा पत्ता मिळवला आणि त्याच दिवशी तेथे संपर्क साधला. दुसऱ्याच रात्री मुकादमाने त्यांना जुन्या जाळीवर काम करण्यास सांगितले. दोघांनी नकार दिला. त्यांना उरलेल्या सहा तासांच्या वेतनाविना घरी पाठवण्यात आले आणि सेवानोंदीत लेखी ताकीद घालण्यात आली.

कामगार खात्याने त्यांच्या वतीने दावा लावला. २६ फेब्रुवारी १९८० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की धोकादायक काम नाकारणाऱ्यास संरक्षण देणारा खात्याचा नियम वैध आहे. मात्र या संरक्षणाला अटी आहेत. मृत्यूचा किंवा गंभीर इजेचा धोका खरा आहे, असे कोणत्याही समंजस माणसाला वाटले पाहिजे. सरकारी तपासणीची वाट पाहण्याइतका वेळ नसला पाहिजे. शक्य असेल तेथे आधी मालकाकडे दुरुस्तीची मागणी केलेली असली पाहिजे. सूडबुद्धीने कारवाई झाल्यास त्याची तक्रार ३० दिवसांत करावी लागते. मुदत हुकली की बहुधा दादच मिळत नाही.

भारतात २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेच्या कलम १४ नुसार कामगार तातडीच्या धोक्याची सूचना मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही देऊ शकतो. मालकाला धोका मान्य नसला, तरी प्रकरण निरीक्षकाकडे पाठवणे त्याच्यावर बंधनकारक असून धोका आहे की नाही, याबाबत निरीक्षकाचा निर्णय अंतिम असतो. मात्र काम नाकारण्याच्या हक्काचा उल्लेख या कलमात नाही. त्यामुळे पुढे बदली किंवा निलंबन झाले, तर तक्रार आधीची आणि कारवाई नंतरची, हे तारखांवरूनच दाखवावे लागते. सूचना लेखी देऊन तिच्या प्रतीवर पोच घेण्याचे महत्त्व यातच आहे.