शेअर्स टप्प्याटप्प्याने घेतले, थोडे थोडे विकले: नफा कसा मोजायचा?

सुरत : कोसाड, अमरोली भागात राहणाऱ्या खान्देशी कुटुंबांत एक प्रश्न नेहमी निघतो. एकाच कंपनीचे शेअर्स तीन वेळा घेतले आणि त्यातले काहीच विकले, तर नेमके कोणते विकले असे धरायचे? आयकर केंद्राचा असल्याने नंदुरबार असो की सुरत, नियम एकच.

आधी आले, ते आधी गेले

डिमॅट खात्यातील शेअर्सना आयकर कायदा हाच क्रम लावतो. सरासरी भाव इथे चालत नाही. तारीख धरायची ती कॉन्ट्रॅक्ट नोटवरची, पैसे किंवा शेअर्स खात्यात जमा झाल्याची नाही. दलाली व इतर खर्च खरेदीत मिळवा, विक्रीतून वजा करा. एसटीटी मात्र दोन्हीकडे सोडून द्या.

उदाहरण

समजा, नोटांवरून एसटीटी सोडून खर्चासह हे भाव निघाले:

| तारीख | व्यवहार | प्रति शेअर |
|---|---|---|
| 12 जून 2023 | 100 खरेदी | 201 रु. |
| 15 ऑक्टोबर 2024 | 60 खरेदी | 301 रु. |
| 10 मार्च 2025 | 40 खरेदी | 261 रु. |
| 14 जुलै 2025 | 130 विक्री | 349 रु. |
| 17 नोव्हेंबर 2025 | 50 विक्री | 319 रु. |

जुलैच्या विक्रीत आधी 2023 चे 100 गेले. बारा महिन्यांपेक्षा जास्त झाले, म्हणून 14,800 रुपये दीर्घकालीन नफा. उरलेले 30 ऑक्टोबरच्या खरेदीतले. नऊच महिने झाले, म्हणून 1,440 रुपये अल्पकालीन.

नोव्हेंबरमध्ये ऑक्टोबरचेच उरलेले 30 आधी जातात, पण आता वर्ष उलटलेय. त्यामुळे 540 रुपये दीर्घकालीन. बाकी 20 मार्चचे, 1,160 रुपये अल्पकालीन. म्हणजे एकाच दिवशी घेतलेले शेअर्स दोन वेगळ्या रकान्यांत गेले.

एकूण दीर्घकालीन नफा 15,340 आणि अल्पकालीन 2,600 रुपये. दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे 12.5 टक्के. अल्पकालीनवर 20 टक्के, म्हणजे 520 रुपये, वर सेस. (हे दर 23 जुलै 2024 पासूनचे, शेअर बाजारात एसटीटी भरून केलेल्या विक्रीसाठी.)

चूक कुठे होते?

तिन्ही खरेदींची सरासरी 243 रुपये येते. तिने जुलैचा नफा 13,780 दिसतो, खरा 16,240 आहे.

दुसरी गोष्ट दोन खात्यांची. एक डिमॅट गावी उघडलेले, दुसरे सुरतला, असे असेल तर क्रम प्रत्येक खात्यासाठी वेगळा लागतो (परिपत्रक 768, 24 जून 1998). सुरतच्या खात्यातून विकले तर गावच्या खात्यातले जुने शेअर्स गेले असे धरता येत नाही.

ताळा करा

घेतले 200, विकले 180, उरले 20. हे 20 मार्चचे, 261 रुपयांचे. डिमॅट स्टेटमेंटमध्ये 20 च दिसले पाहिजेत. आकडा जुळला नाही तर एखादी नोट राहिलीय किंवा बोनस शेअर्स मोजायचे सुटलेत. पुढच्या विक्रीचा हिशेब याच 20 पासून सुरू होईल, म्हणून मार्चची नोट जपून ठेवा.