फितूर: एका शब्दाची कोर्टातली वाट

सत्र न्यायालयात सरकारी वकील खाली बसता बसता हळूच म्हणतात, “गेला, फितूर झाला.” शेजारचे वकील मान हलवतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही तोच शब्द छापून येतो. तो साक्षीदाराच्या कपाळी कधी आणि कसा आला, हे पाहायला लागलो की साक्षीदार का उलटतो याचीही बरीच उत्तरे हाती लागतात.

शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. हिंदीत तो डोक्यात शिरणाऱ्या खुळासाठी वापरतात. मराठीत मात्र तो गडकोटांवर वाढला. पैसे घेऊन किल्ला शत्रूच्या हवाली करणारा किल्लेदार म्हणजे फितूर. 1759 मध्ये अहमदनगरचा किल्ला निजामाच्या किल्लेदाराने पैशांच्या बोलीवर पेशव्यांच्या हाती दिला, तो व्यवहार फितुरीचाच. या शब्दात एक गृहीत आहे: फितुराने कोणाचे तरी मीठ खाल्लेले असते. गावातल्या चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या आणि मारामारी पाहिलेल्या माणसाने मात्र कोणाचेच मीठ खाल्लेले नसते. तो पोलिसांचाही नसतो आणि सरकारी वकिलांचाही. त्याला फितूर म्हणताना तो आपलाच होता असे आपण आधीच ठरवून टाकतो, आणि माझी पहिली तक्रार तिथे आहे.

ही समजूत एकट्या मराठीची नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात ज्याने साक्षीदार आणला, तो त्याच्या खरेपणाला जामीन असल्यासारखा धरला जाई. आपल्याच साक्षीदाराला खोटे ठरवण्याची सोय जवळजवळ नव्हती. 1854 च्या कायद्याने दिवाणी दाव्यांत थोडी वाट मोकळी केली आणि 1865 मध्ये ती फौजदारी खटल्यांनाही मिळाली. पण अट अशी होती की साक्षीदार ‘प्रतिकूल’ असल्याचे न्यायाधीशांना वाटले पाहिजे. मग प्रतिकूल म्हणजे काय, यावर खल झाला. 1859 मध्ये ‘ग्रीनो विरुद्ध एक्लेस’ या दाव्यात ठरले की साक्ष नुसती गैरसोयीची असून भागत नाही, साक्षीदाराच्या मनात वैरभाव दिसला पाहिजे. आज रूढ झालेला ‘होस्टाइल’ हा शब्द या वादातून आलेला आहे.

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी 1872 चा भारतीय पुरावा कायदा लिहिला तेव्हा हा वाद त्यांच्यासमोर होता. त्यांनी कलम 154 एका वाक्यात संपवले: साक्षीदाराला बोलावणाऱ्या पक्षाला, उलटतपासात विरुद्ध पक्ष विचारू शकतो असे प्रश्न त्याला विचारण्याची परवानगी न्यायालय आपल्या विवेकाने देऊ शकते. त्यात होस्टाइल नाही, प्रतिकूल नाही, वैरही नाही. सतपाल खटल्याच्या निकालात न्यायमूर्ती सरकारिया यांनी हे नेमके टिपले आहे. इंग्लंडमधला घोळ टाळण्यासाठी हे शब्द जाणूनबुजून गाळलेले दिसतात, असे ते म्हणतात. 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम 157 क्रमांकाने आले, आणि त्यातही तो शब्द नाही. कायद्याने ज्याला कधी नाव दिले नाही, त्याला आपण किल्लेदाराचे नाव दिले.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच ती मना केली आहे. तो जबाब शपथेवरही नसतो. दीड-दोन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा, तोच माणूस पिंजऱ्यात उभा राहतो आणि सरतपासात म्हणतो, “मी काही पाहिलं नाही.” सरकारी वकील परवानगी मागतात, न्यायाधीश देतात. मग जबाबातले एकेक वाक्य त्याला वाचून दाखवले जाते. “आरोपीने हातातल्या कोयत्याने वार केला, असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?” “नाही. पोलिसांनी असं का लिहिलं, मला सांगता येणार नाही.” त्या वाक्याच्या दोन्ही टोकांना ‘अ’ लिहून खूण करतात. पुढे तपासी अंमलदाराची साक्ष होते तेव्हा विचारावे लागते की खूण केलेला मजकूर साक्षीदाराने सांगितल्याप्रमाणेच लिहिला का. तो हो म्हणाला की विसंगती सिद्ध होते. हा शेवटचा प्रश्न घाईत राहून गेला तर खुणेचा काही उपयोग उरत नाही.

इथे अनेकांची गफलत होते. विसंगती सिद्ध झाली म्हणजे पोलिसांकडचा जबाब खरा ठरला असे नाही. तो पुरावा बनत नाही. त्याने एवढेच दिसते की या माणसाने दोन वेळा दोन गोष्टी सांगितल्या. कोयता आता पुराव्यात नाही. तो आणायचा तर वैद्यकीय अहवालातून, जप्तीतून किंवा दुसऱ्या कोणाच्या तोंडून आणावा लागतो.

मग फितूर साक्षीदाराचे सगळेच बोलणे टाकून द्यायचे का? एके काळी कलकत्त्याच्या काही निकालांचा कल तसा होता. 1931 मध्ये प्रफुल्लकुमार सरकार खटल्यात तिथल्याच पूर्णपीठाने तो मोडला: साक्ष एकसंध पाहायची आणि पटेल तेवढी घ्यायची. सर्वोच्च न्यायालयाने पुढे हेच धोरण धरले आणि 2006 पासून ते कलमातही लिहिले गेले. घटनास्थळी हजर होतो, अंधार नव्हता, मृत माणूस रिक्षातून आला होता, इतके साक्षीदाराने मान्य केले असेल तर तेवढे टिकते.

जबलपूरच्या खुज्जी खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1991 चा निकाल मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. रिक्षातून जाणाऱ्या माणसावर हल्ला झाला आणि तो मेला. काही साक्षीदार सरळ उलटले. एकाने मात्र सरतपासात हल्लेखोरांची नावे सांगितली. त्याचा उलटतपास महिन्याभराने झाला, आणि तेव्हा तो म्हणाला की मला त्यांच्या फक्त पाठी दिसल्या. न्यायमूर्ती अहमदी यांनी त्या एका महिन्याकडे बोट दाखवले. मधल्या काळात काहीतरी घडले, म्हणून याने भूमिका बदलली, असे त्यांनी मानले, आणि सरतपासावर विश्वास ठेवला. पंजाबातल्या एका लाचेच्या खटल्यात सरतपास आणि उलटतपास यांत एक वर्ष आणि आठ महिने गेले होते. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर उघड संताप व्यक्त केला.

ते ‘काहीतरी’ कोर्टाच्या फेऱ्या मारणाऱ्याला ठाऊक असते. आरोपी जामिनावर सुटून त्याच गल्लीत राहायला आलेला असतो. तडजोड झालेली असते, कधी पैशांनी, कधी सोयरिकीमुळे. पंच हा रोजंदारीवरचा माणूस असतो, समन्सवर येतो, तारीख पडते, एक दिवस बुडतो, मग दुसरा. तिसऱ्या वेळी तो म्हणतो, “कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या होत्या.” यात एक अप्रिय शक्यताही धरावी लागते: कधी कधी ते खरेच असते. पोलिसांनी आपल्या मनाने जबाब लिहिला असेल, तर कोर्टात खरे बोलणाऱ्यालाच आपण फितूर म्हणतो.

खोट्या साक्षीबद्दल शिक्षा आहे, पण पोलिसांसमोरचा जबाब शपथेवर नसल्याने त्याच्याशी विसंगत बोलला एवढ्यावर ती लागू करणे अवघड जाते. दंडाधिकाऱ्यांसमोर शपथेवर जबाब झालेला असेल तर पकड येते. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरी प्रकरणात 14 माणसे मारली गेली. मुख्य साक्षीदार तरुणी एकदा उलटली, मग धमक्या आल्याचे सांगून तिने फेरसुनावणी मागितली, आणि मुंबईत ती चालू असताना पुन्हा उलटली. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवमानाबद्दल तिला एक वर्षाची कैद आणि 50 हजार रुपये दंड केला. मुंबईच्या न्यायालयाने त्याच वर्षी बाकीच्या साक्षींवरून 9 जणांना दोषी धरले, त्यांतले 5 पुढे उच्च न्यायालयात सुटले.

2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत साक्षीदार अर्ज करू शकतो आणि पोलिसांना धोक्याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत द्यावा लागतो. पण ती प्रामुख्याने गंभीर गुन्ह्यांसाठी आहे. गावातल्या बांधाच्या भांडणात डोके फुटलेले पाहणारा शेजारी बहुधा त्यात बसत नाही. त्याला संध्याकाळी त्याच बांधावरून घरी जायचे असते.