दारावरची तापाची बंदूक : सिंगापूर, शमशाबाद आणि आमचं सभागृह

आमच्या हैदराबादच्या मंडळाच्या सभागृहात शिरताना डाव्या हाताला एक टेबल आहे. त्यावर हजेरीची वही, कार्यक्रमपत्रिका आणि कोविडच्या काळापासून तिथेच राहिलेली ताप बघायची बंदूक. गेल्या हिवाळ्यातल्या मासिक सभेला मी आलो तेव्हा स्वयंसेवकाने ती कपाळासमोर धरली. आकडा आला ३६.१. मी आत गेलो, दोन तास पहिल्या रांगेत बसलो, चहाच्या वेळी अण्णांच्या शेजारी उभा राहून जुन्या मोडी कागदांवर गप्पा मारल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मला थंडी वाजून ताप भरला. तपासणीत फ्लू निघाला. त्यानंतर तीन-चार दिवसांत मंडळातले तिघे आजारी पडले. अण्णा त्यातलेच, वय ८१. त्यांना आठवडाभर इस्पितळात ठेवावं लागलं. तो आजार माझ्याकडूनच गेला असं सिद्ध करता येणार नाही, पण मनातून ते जातही नाही.

पुढे कार्यकारिणीत ठराव आला की वार्षिक संमेलनासाठी दाराशी चांगला, महागातला थर्मल कॅमेरा बसवावा. मी नोकरीत असताना तापमानाच्या उपकरणांचं काम केलेलं, म्हणून मत द्यायला मला सांगितलं. मत देण्याआधी ही पद्धत आली कुठून हे शोधावं असं वाटलं. (इतिहासाची खोड, दुसरं काय!)

थर्मल कॅमेरा मुळात लष्कराच्या कामाचा, अंधारात माणूस दिसावा म्हणून. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा सिंगापूरने त्यात बदल करून तो प्रवाशांचा ताप बघायला लावला. सार्ससाठी यात तर्क होता. सार्सच्या बहुतेक रुग्णांना ताप येई आणि त्यांच्यापासून लागण होण्याचा जोर आजाराच्या साधारण दुसऱ्या आठवड्यात असे. म्हणजे ताप आधी, संसर्ग नंतर. अशा रोगात ताप शोधणं म्हणजे संसर्ग पसरवणारा माणूस शोधणं.

फ्लूचा क्रम वेगळा आहे. विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला १ ते ४ दिवस लागतात, सरासरी २. पण लक्षणांच्या सुमारे एक दिवस आधीपासून घशा-नाकातून विषाणू बाहेर पडू लागतो, आणि लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत त्याचा जोर सर्वांत जास्त असतो. त्यात सगळ्यांना ताप येतच नाही. निरोगी स्वयंसेवकांना मुद्दाम लागण करून जे प्रयोग झाले, त्यांच्या एकत्रित आढाव्यात ताप आलेले जेमतेम एक तृतीयांश होते. (प्रयोगासाठी सौम्य विषाणू वापरतात, तेव्हा खऱ्या साथीत हे प्रमाण जास्त असणार, हे धरून चाला.)

आता आपल्या गावाकडे येऊ. २००९ चा स्वाइन फ्लू भारतात प्रथम सापडला तो हैदराबादेतच. १३ मे रोजी अमेरिकेहून आलेला एक प्रवासी शमशाबादच्या विमानतळावरच्या तपासणीत वेगळा काढला गेला आणि १६ मेला निदान पक्कं झालं. त्या आठवड्यात आम्हा हैदराबादकरांना केवढं हायसं वाटलं होतं! दारावरच पकडला, म्हणजे दार भक्कम. पण ऑगस्टच्या ३ तारखेला देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यात, आणि तोवर साथ गावात पसरलेली होती. जो सापडला त्याची बातमी झाली. जे आपलं आजारपण अंगात घेऊन शांतपणे बाहेर पडले, त्यांची नोंद कुठल्याच दारावर होणं शक्य नव्हतं.

अशांची मोजदाद सिंगापूरच्या डॉक्टरांनी केली. जून २००९ मध्ये परदेशातून लागण घेऊन आलेले पहिले ११६ रुग्ण तान टोक सेंग रुग्णालयात दाखल झाले, त्यांचा प्रवास आणि लक्षणं त्यांनी ताडून पाहिली. विमानतळावरच्या कॅमेऱ्यांनी त्यातले १२ टक्के पकडले होते, म्हणजे सुमारे १४ माणसं. मी वहीत हिशेब मांडला. २४ टक्के लोक आजारी पडल्यावर विमानात बसले होते, साधारण २८ जण. १५ टक्के प्रवासात आजारी पडले, साधारण १७ जण. दोन्ही मिळून ४५. उरलेले सुमारे ७१ जण विमानतळ ओलांडताना लक्षणांशिवाय होते. जगातला सर्वोत्तम कॅमेरा लावला असता तरी हे ७१ सुटलेच असते, कारण मोजायला ताप नव्हताच.

पण मग त्या ४५ पैकी १४ च का सापडले? एक कारण याच अभ्यासात आहे. अमेरिकेच्या निकषाइतका, म्हणजे ३७.८ अंशांचा ताप या ११६ पैकी फक्त ६१ टक्क्यांना भरला होता. दुसरं कारण जपानच्या नारिता विमानतळावर दिसलं. तिथे २००९ च्या साथीत निदान पक्कं झालेल्या ज्या ९ प्रवाशांचा अभ्यास झाला, त्यांपैकी ३८ अंश किंवा त्याहून जास्त ताप फक्त दोघांना होता. आणि ९ पैकी ५ जणांनी ताप उतरवणारं औषध घेतलेलं होतं. लांबच्या प्रवासात अंग दुखलं की माणूस पॅरासिटामॉल घेतो, त्यात लबाडी असतेच असं नाही. ताप काही तास उतरतो, विषाणू मात्र तसाच असतो.

तिसरं कारण माझ्या धंद्यातलं. ही बंदूक काही सोडत नाही, कपाळावरून निघणारी उष्णता फक्त गोळा करते. कपाळाची त्वचा आतल्या शरीरापेक्षा बरीच थंड असते, म्हणून बंदूक मोजलेल्या आकड्यात आपल्या अंदाजाने भर घालते. थंडीत स्कूटरवरून आलात तर कपाळ गार, आकडा खाली. उन्हातून चालत आलात तर आकडा वर. सगळ्यात गंमत म्हणजे ताप चढत असताना, हुडहुडी भरते त्या वेळी, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात. आत तापमान वाढत असतं आणि बाहेरची कातडी गार असते. म्हणजे फ्लूचा जोर असतो नेमक्या त्या तासांत यंत्र चकू शकतं. म्हणूनच पडताळणीच्या मानकांत एका वेळी एकच माणूस, चश्मा काढून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर नेम धरावा आणि शेजारी ठराविक तापमानाचा संदर्भस्रोत ठेवावा असं सांगितलेलं आहे. आमच्या दारात तीनशे माणसं वीस मिनिटांत शिरतात!

मर्यादा खाली आणली तर? एका सदस्यांनी हे विचारलं. मग उन्हातून आलेले निम्मे सभासद बाहेर थांबतील, आणि मी त्या दिवशी ३६.१ घेऊन तरीही आत गेलो असतो.

मी कॅमेऱ्याच्या विरोधात मत दिलं. थोडी वादावादी झाली. "निदान काही तरी करतोय असं दिसतं," असं एक जण म्हणाले, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. उघड ताप असलेला माणूस दारातून परत जातो, हा उपयोग आहेच. पण ३६.१ पाहून मी स्वतः निर्धास्त झालो होतो. आदल्या रात्रीपासून अंग कणकण करत होतं, हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही.

कॅमेऱ्याचे पैसे दोन मोठ्या एक्झॉस्ट पंख्यांवर गेले आणि रस्त्याकडच्या, वर्षानुवर्षं बंद असलेल्या खिडक्या उघडल्या. निमंत्रणात एक ओळ वाढवली : अंग मोडून आलं असेल, घसा खवखवत असेल किंवा तापाची गोळी घेतली असेल, तर या वेळी घरीच थांबा, निबंध ध्वनिमुद्रित करून पाठवू. ज्येष्ठांना लस घेण्याची आठवण स्वतंत्र फोन करून दिली. बंदूक अजून टेबलावर आहे, सेल मात्र काढून ठेवलेत. अण्णा संमेलनाला आले, खिडकीजवळ बसले, आणि मला म्हणाले, "तू जरा लांबच बस रे."