जुन्या सिनेमाची निगेटिव्ह खराब का होते आणि ‘रिस्टोअर’ करताना नेमकं काय बदलतं?

एखाद्या जुन्या चित्रपटावर ‘४के रिस्टोअर्ड’ असं लिहिलेलं दिसलं की दोन प्रश्न पडतात. पन्नास वर्षांपूर्वी ४के होतं कुठे? आणि हे काम म्हणजे फोनमध्ये आपण फोटोला फिल्टर लावतो तसंच असतं का?

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एका चित्रपटाच्या मदतीने समजून घेऊ. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ १९७६ साली आला. गुजरातमधल्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन तो उभा केला होता. स्मिता पाटील, गिरीश कर्नाड आणि नसीरुद्दीन शाह त्यात आहेत. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो रिस्टोअर केला आणि मे २०२४ मध्ये कान महोत्सवात ही नवी आवृत्ती दाखवली गेली. त्यासाठी वापरलेली मूळ कॅमेरा निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली होती.

निगेटिव्ह म्हणजे नेमकं काय?

शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यात जी फिल्म फिरते, तीच डेव्हलप केल्यावर निगेटिव्ह होते. ३५ मिमी रुंदीची पट्टी, कडेला भोकं आणि प्रत्येक सेकंदाला २४ चित्रं. थिएटरमध्ये चालणारी प्रिंट या निगेटिव्हवरून, बऱ्याचदा मधल्या एक-दोन कॉप्या करून काढलेली असते. प्रत्येक कॉपीत थोडा बारकावा हरवतो. म्हणून सगळ्यात जास्त तपशील मूळ निगेटिव्हमध्ये असतो. फिल्मवर पिक्सेल नसतात, पण चांगल्या ३५ मिमी निगेटिव्हमध्ये ४के स्कॅन करण्याइतका तपशील नक्की असतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

पट्टीचे मुख्य भाग दोन. खालचा पारदर्शक प्लॅस्टिकसारखा भाग म्हणजे बेस. त्यावर जिलेटिनचा पातळ लेप आणि त्या लेपात रंगांचे तीन थर. निगेटिव्ह खराब होते तेव्हा हे भाग वेगवेगळ्या कारणांनी खराब होतात.

ती खराब का होते?

बेसपासून सुरुवात करू. फार जुन्या काळी तो नायट्रेटचा असे आणि चटकन पेट घेई. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत अशा नायट्रेट फिल्म्सचा मोठा साठा जळून गेला. १९५० च्या दशकापासून ॲसिटेटचा बेस सगळीकडे आला. तो सहज पेटत नाही, म्हणून त्याला ‘सेफ्टी फिल्म’ म्हणत. पण त्याचा शत्रू वेगळा आहे. ऊब आणि दमट हवा मिळाली की ॲसिटेट हळूहळू तुटतं आणि त्यातून ॲसिटिक ॲसिड बाहेर पडतं. व्हिनेगरला जो वास असतो, तो याच ॲसिडचा. गंमत अशी की बाहेर पडलेलं ॲसिड पुढची तुटण्याची क्रिया आणखी वाढवतं. म्हणजे एकदा वास यायला लागला की वेग वाढतच जातो. पट्टी आकसते, वाकडी होते, शेवटी ठिसूळ होते. आकसणं एक टक्क्याच्या वर गेलं तरी कडेची भोकं मशीनच्या दात्यांशी जुळत नाहीत आणि फिल्म फाटते.

साधारण २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर नव्या ॲसिटेट फिल्मला हा वास यायला सुमारे ५० वर्षं लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात तीस अंश ही मामुली गोष्ट. तिथे हा काळ निम्म्याहूनही कमी होतो. म्हणून संग्रहालयात फिल्म थंड आणि कोरड्या खोलीत ठेवतात. वास नाकाला येण्याआधी कळावं म्हणून डब्यात कागदाची एक छोटी निळी पट्टी ठेवतात. ॲसिड वाढलं की ती हिरवी आणि मग पिवळी होते.

दुसरी अडचण बुरशीची. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, म्हणजे बुरशीसाठी ते खाणंच. पावसाळ्यात ती लेपावर जाळ्यासारखी पसरते. ती पाण्याने पुसायला गेलं तर बुरशीने मऊ केलेलं जिलेटिन विरघळतं आणि त्यासोबत चित्रही निघून येतं.

तिसरी गोष्ट रंगांची. तिन्ही थर एकाच वेगाने फिके पडत नाहीत आणि यासाठी उजेडाची गरजही नसते. बंद डब्यातही रंग उडतात. सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रिंट आज लालसर-गुलाबी दिसतात त्याचं कारण हेच. त्यांतला निळसर-हिरवा थर आधी उडाला.

‘मंथन’च्या निगेटिव्हवर यांतल्या बऱ्याच गोष्टी होत्या. रंग फिके पडलेले, काही भागांत बुरशी, चित्राची लुकलुक आणि उभ्या हिरव्या रेघा.

स्कॅन कसं करतात?

आधी बरंच काम हातानेच करावं लागतं. तंत्रज्ञ प्रत्येक रीळ टेबलावर हळूहळू उलगडून बघतो. फाटलेली भोकं दुरुस्त करतो, सुटत आलेले जोड पुन्हा पक्के करतो. मग खास द्रवात अल्ट्रासोनिक लहरींनी सफाई होते. ‘मंथन’ सुमारे १३४ मिनिटांचा आहे, म्हणजे पावणेचार किलोमीटरच्या आसपास फिल्म.

नंतर स्कॅनर. तो फिल्म दात्यांनी ओढत नाही. रोलर ती अलगद पुढे सरकवतात आणि भोकांची जागा सेन्सर ओळखतो, त्यामुळे आकसलेली पट्टीही चालते. स्क्रॅच जास्त असतील तर फिल्म एका द्रवातून जाताना स्कॅन करतात. हा द्रव प्रकाशाला जवळपास बेसइतकाच वाकवतो. बेसवरच्या स्क्रॅचमध्ये तो भरला की स्क्रॅच दिसेनासा होतो, ओल्या काचेवरचा ओरखडा दिसत नाही तसा.

आणखी एक युक्ती इन्फ्रारेड प्रकाशाची. रंगीत फिल्मचे रंग त्याला अडवत नाहीत, पण धूळ अडवते. त्यामुळे धूळ कुठे आहे याचा वेगळा नकाशा मिळतो. कृष्णधवल फिल्मवर हे जमत नाही, कारण तिथलं चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी इन्फ्रारेडही अडवते.

आता फाइलचा आकार बघा. १३४ मिनिटांत सुमारे १,९३,००० फ्रेम्स होतात. ४के मध्ये एका फ्रेमची १०-बिट फाइल सुमारे ५० एमबीची. सगळं मिळून जवळपास दहा टेराबाइट, म्हणजे १२८ जीबीचे पाऊणशेहून जास्त फोन भरतील एवढं.

दुरुस्ती करताना काय होतं?

सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमची मागच्या आणि पुढच्या फ्रेमशी तुलना करतं. एखादा ठिपका फक्त एकाच फ्रेममध्ये असेल तर तो कचरा, असं समजून तिथे शेजारच्या फ्रेममधला तुकडा बसवतं. बहुतेक वेळा हे बरोबर ठरतं. पण पावसाचा थेंब, ठिणगी, उडालेली माती हेसुद्धा एकाच फ्रेमपुरतं दिसतं! सॉफ्टवेअरला फरक कळत नाही आणि ते थेंबही पुसून टाकतं. म्हणून माणसाने बसून प्रत्येक शॉट तपासावा लागतो आणि चुकून पुसलेलं परत आणावं लागतं. उभ्या रेघांचं दुखणं उलटं. त्या कित्येक फ्रेम्समध्ये त्याच जागी असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरला तो चित्राचाच भाग वाटतो. त्या बऱ्याचदा हाताने काढाव्या लागतात.

आवाजाचा मामला वेगळाच. चित्राच्या निगेटिव्हवर आवाज नसतोच, त्याची निगेटिव्ह स्वतंत्र असते. प्रिंट काढताना दोन्ही एकत्र येतात आणि आवाज चित्राच्या कडेला एका बारीक नागमोडी पट्टीच्या रूपात छापला जातो. ‘मंथन’चा आवाज फाउंडेशनकडे असलेल्या ३५ मिमी रिलीज प्रिंटवरून घेतला गेला. प्रिंटवरची धूळ ‘टिक टिक’ म्हणून ऐकू येते, ती काढता येते. पण मागची खरखर पूर्ण काढायला गेलं तर श्वास, पावलं आणि जागेचा स्वतःचा आवाजही जातो आणि माणसं बंद डब्यात बोलल्यासारखी वाटतात.

मग नव्या आवृत्तीत बदलतं काय?

खरा प्रश्न इथे येतो. धूळ, बुरशी, स्क्रॅच काढायचे यावर कुणाचं दुमत नाही. ते चित्रपटाचा भाग नव्हतेच. पण रंग? फिका पडलेला थर मूळ किती गडद होता, हे निगेटिव्ह पूर्णपणे सांगू शकत नाही. जुनी प्रिंट बघावी तर तीही बदललेली. तेव्हा कुणाला तरी ठरवावं लागतं. ‘मंथन’च्या बाबतीत सिनेमॅटोग्राफर गोविंद निहलानी आणि बेनेगल दोघेही या कामात होते, म्हणजे शूटिंग केलेल्यांची नजर उपलब्ध होती. ते नसते तर रंग अंदाजानेच ठरवावे लागले असते.

ग्रेनचंही तसंच. फिल्मवर दिसणारी बारीक हलती रवाळ जाळी हा दोष नाही, चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. फोनच्या कॅमेऱ्यातल्या गुळगुळीत फोटोंची सवय झाल्यामुळे आपल्याला ती ‘नॉइज’ वाटते. ती पूर्ण काढली तर चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, घामाचे थेंब, कापडाची वीण हेही पुसलं जातं आणि माणूस मेणाचा दिसतो.

त्यामुळे चांगलं रिस्टोरेशन म्हणजे सगळ्यात चकचकीत चित्र नव्हे. पहिल्या दिवशी थिएटरात बसलेल्या माणसाला जे दिसलं असेल, त्याच्या जास्तीत जास्त जवळ जाणं हे त्याचं काम.

फोनवर बघताना कसं ओळखायचं?

- व्हिडिओ पॉज करून चेहरा झूम करा. त्वचेचा पोत आणि हलका ग्रेन दिसला तर बरं लक्षण. प्लॅस्टिकसारखी त्वचा म्हणजे ग्रेन घासून काढला आहे.
- डोकी किंवा पाय विचित्र ठिकाणी कापलेले दिसले तर चौकोनी फ्रेम रुंद स्क्रीनसाठी वरून-खालून छाटली असावी.
- माहितीत कुठल्या फिल्मवरून स्कॅन केलं ते लिहिलंय का बघा. मूळ निगेटिव्ह, प्रिंट की जुनी व्हिडिओ टेप? टेपवरून मोठं केलेलं चित्र ४के फाइलमध्ये असलं तरी तपशील टेपइतकाच असतो.

आणि स्कॅन झाल्यावर निगेटिव्ह फेकून देत नाहीत, ती परत थंड खोलीत जाते. उद्या आणखी चांगला स्कॅनर आला किंवा आजचा रंगाचा निर्णय चुकला असं वाटलं, तर पुन्हा सुरुवात तिथूनच करावी लागते.